चेहरा तोच, भाव निराळा : दोन शॉटच्या सांध्यात नेमके काय घडते?

पारवा (धागाकर्ती)

आमच्या गावातल्या छोट्या चित्रपट मंडळात गेल्या महिन्यात रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या प्रयोगावर चर्चा झाली. एका नटाचा निर्विकार चेहरा, त्याच्यानंतर कधी सूपची बशी, कधी शवपेटीतली स्त्री, कधी खेळणारी मुलगी. आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर निराळा भाव दिसला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल. अर्थ एकट्या शॉटमध्ये नसतो, तो दोन शॉट शेजारी ठेवल्यावर जन्माला येतो, हे मोंताज सिद्धान्ताचे मूळ सूत्र म्हणून हा प्रयोग सांगितला जातो.

मी तो घरी करून पाहिला. माझे थोरले काका बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा चेहरा मुळातच फारसे काही सांगत नाही, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून फोनवर त्यांचा जवळचा शॉट घेतला. मग तीन शॉट वेगळे घेतले : ताटात वाढलेला आमटी-भात, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि जमिनीवर पडलेला नातीचा लाकडी घोडा. चेहरा, वस्तू आणि पुन्हा तोच चेहरा, अशा तीन जोडण्या केल्या आणि इमारतीतल्या दहा-बारा जणांना दाखवल्या. प्रत्येकाने एकच जोडणी पाहिली.

फोटो पाहिलेल्यांना काका दुःखी वाटले. घोडा पाहिलेल्यांपैकी दोघींना ते हळवे झालेले वाटले. आमटी-भात पाहिलेल्यांपैकी मात्र एकालाही ते भुकेले वाटले नाहीत. एकाने तर विचारले की ही चूक आहे का, मधेच जेवणाचा फोटो का आला?

माझा प्रश्न असा की, अर्थ जर सांध्यातच निर्माण होत असेल तर तो तिन्ही वेळा का निर्माण झाला नाही?

कोकणकडा

मोंताज म्हणजे गाण्याच्या दोन कडव्यांत नायक हमालापासून कारखानदार होतो, तेच ना? त्यात तर पंधरा-वीस शॉट असतात. दोनच शॉटचा मोंताज कसा होईल?

पारवा

कोकणकडा, तुम्ही म्हणता त्यालाही मोंताजच म्हणतात, पण तो काळ आटोपता घेण्याचा प्रकार झाला. इथे प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. पंधरा शॉटची माळ बाजूला ठेवा आणि त्यातल्या पहिल्या दोन मण्यांमध्ये काय होते तेवढेच पाहा.

सदाशिवपेठी

मूळ प्रयोग मी यूट्यूबवर पाहिला आहे. त्यात मोझ्झुखिन या नटाला दिग्दर्शकाने मुद्दाम चेहरा कोरा ठेवायला सांगितले होते आणि त्याने ते फार उत्तम केले. आपल्या काकांचा चेहरा कोरा नसून कंटाळलेला असणार. चूक तिथे आहे. नट तयारीचा हवा, म्हणजे जेवणाची जोडणीही जमेल.

जुनी रिळं

सदाशिवपेठी यांचे निम्मे बरोबर आहे. चेहरा मोझ्झुखिनचाच होता आणि तो मोठा नट होता. पण त्याला कोणी कोरा चेहरा करायला सांगितले नव्हते, कारण तो तिथे नव्हताच. क्रांतीपूर्व रशियन चित्रपटांचा तो बिनीचा नट. 1920 साली आपल्या निर्मात्याच्या चमूबरोबर देश सोडून तो पॅरिसकडे गेला. कुलेशॉव्हने त्याच्या जुन्या चित्रपटातला जवळचा शॉट उचलून वापरला. त्या काळात मॉस्कोत कच्च्या फिल्मची इतकी चणचण होती की कुलेशॉव्हचे विद्यार्थी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच रंगमंचावर ‘चित्रपट’ बसवत असत. जुन्या चित्रपटांचे तुकडे कापून नव्याने जोडणे हा त्यांचा अभ्यास होता, आणि बरीचशी गरजही होती.

दुसरे म्हणजे, मूळ प्रयोगाची फीत आज उपलब्ध नाही. यूट्यूबवर आपण जे पाहिले ती नंतर कोणीतरी केलेली पुनर्रचना आहे. आपल्यापर्यंत प्रयोग पोहोचला तो मुख्यतः पुदोव्हकिनच्या सांगण्यातून. तो कुलेशॉव्हचा विद्यार्थी होता आणि पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. 1929 साली लंडनच्या फिल्म सोसायटीपुढे केलेल्या भाषणात त्याने हे तिन्ही शॉट वर्णिले. कुलेशॉव्हच्या स्वतःच्या आठवणीतला तपशील त्याच्याशी पूर्णपणे जुळत नाही. म्हणजे ज्या प्रयोगावर आपण इतके बोलतो तो एक ऐकीव कथाच आहे, हे आधी मान्य करू.

तरी त्या कथेत एक बारकावा आहे आणि तो पारवा यांच्या प्रश्नाला थेट भिडतो. पुढच्या लेखकांनी ‘सूप म्हणजे भूक’ असे सोपे करून टाकले. पुदोव्हकिनने भूक म्हटलेलेच नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर समोरचे सूप विसरून गेलेल्या माणसाची जड विचारमग्नता दिसली. म्हणजे सूपसमोरचा निर्विकार चेहरा पाहून लोकांनी असा तर्क केला की हा माणूस जेवत नाही, त्या अर्थी त्याच्या मनात दुसरे काहीतरी आहे. हा तर्क अगदी साहजिक आहे. भुकेला माणूस अन्नाकडे पाहून स्वस्थ बसत नाही.

पारवा, आता मला सांगा, ते चार शॉट आपण कसे घेतले? काका कुठे पाहत होते, उजेड कुठून होता, ताट कुठल्या बाजूने टिपले आणि प्रत्येक शॉट किती सेकंद ठेवला?

पारवा

काकांचा शॉट दुपारी खिडकीजवळ घेतला. ते सरळ फोनच्या भिंगात पाहत होते, मीच त्यांना तसे सांगितले होते. ताट रात्री जेवणाच्या वेळी ट्यूबलाइटखाली, बरोबर वरून घेतले, कारण तसे ते छान दिसत होते. हाराचा फोटो दुपारीच, उभे राहून, समोरून घेतला. घोडा जमिनीवर होता, तो थोडा वरून घेतला. चेहरा चार सेकंद, वस्तू दोन सेकंद, पुन्हा चेहरा दोन सेकंद.

जुनी रिळं

मग चूक नटाची नाही. मी प्रभातच्या जुन्या आवारातल्या संस्थेत संकलन शिकलो तेव्हा स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर चित्रीकरणाची कच्ची प्रत लावून हाच धडा आम्हाला करावा लागत असे, आणि आमच्या पहिल्या जोडण्या अशाच पडत असत.

प्रेक्षक चेहऱ्यानंतर वस्तू पाहतो तेव्हा भाव वाचण्याच्या आधी त्याचे मन एक साधा प्रश्न सोडवते : हा माणूस हीच वस्तू पाहतो आहे का? या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले तरच पुढचा अर्थ उभा राहतो. आपल्या काकांची नजर भिंगात होती, म्हणजे ते प्रेक्षकाकडे पाहत होते, ताटाकडे नव्हे. दुपारच्या उजेडातला माणूस रात्रीच्या उजेडातल्या ताटाकडे पाहू शकत नाही. शिवाय ताट बरोबर वरून टिपले आहे. जेवायला बसलेल्या माणसाला ताट तसे दिसतच नाही, ते पाककृतीच्या पुस्तकातले चित्र होते. म्हणूनच आपल्या शेजाऱ्याला वाटले की मधेच जेवणाचा फोटो आला. त्याला दोन शॉट दिसले, पण त्यांच्यात नाते दिसले नाही.

फोटो का जमला? उजेड दुपारचाच होता, फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला होता, आणि हार घातलेल्या फोटोसमोर माणूस गप्प बसलेला असतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तिथे चेहऱ्याचा कोरेपणाच दुःखाला शोभतो. घोडा या दोहोंच्या मधे राहिला, आणि उत्तरेही तशीच आली.

पुन्हा करायचे असेल तर काकांना भिंगाच्या किंचित बाजूला आणि थोडे खाली पाहायला सांगा, इतके बाजूला की त्यांचे दोन्ही डोळे दिसले पाहिजेत. ते भिंगाच्या उजवीकडे पाहत असतील तर ताटाचा शॉट त्यांच्या खुर्चीवरून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तिरका घ्या. उजेड एकच ठेवा. आणि शेवटचा चेहरा दोन सेकंदांत आटोपू नका, चार-पाच सेकंद राहू द्या. पहिल्या चेहऱ्यावर प्रेक्षक काहीच वाचत नाही, तो फक्त ‘कोण’ एवढे नोंदवतो. वाचन होते ते वस्तूवरून परत आल्यावर. तो वेळच आपण कापून टाकला आहे.

लग्नघाई

हा धागा वाचून आमच्या घरातल्या एका भांडणाचा उलगडा होतो आहे असे वाटते, म्हणून लिहिते. विषयाला सोडून असेल तर क्षमस्व.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची चित्रफीत एका व्यावसायिकाने करून दिली. पाठवणीच्या प्रसंगात बहीण आईच्या गळ्यात पडून रडते आहे असा शॉट आहे, आणि त्याच्या लगेच पुढे तिच्या सासूबाई तोंडाला पदर लावून हसत आहेत. पुन्हा बहिणीचा रडका चेहरा. बस्स. चित्रफीत आमच्या आईने पाहिली आणि तीन महिने दोन्ही घरांत धड बोलणे नव्हते. सासूबाई शपथेवर सांगत होत्या की त्या हसल्या ते जेवणाच्या पंगतीत, एका लहान मुलाने जिलेबी डोक्यावर ठेवली तेव्हा. आम्हाला वाटायचे, कॅमेरा खोटे कसे बोलेल?

विशेष म्हणजे सासूबाईंनी ती फीत चार-पाच वेळा पाहिल्यावर एकदा स्वतःच मला म्हणाल्या, “अगं, मी खरंच तेव्हा हसले होते की काय?”

कोणते सॉफ्टवेअर वापरले तर हे दुरुस्त करता येईल?

जुनी रिळं

ताई, हे विषयाला सोडून मुळीच नाही. कुलेशॉव्हच्या प्रयोगाचे याहून चांगले उदाहरण मला सुचले नसते.

माझा अंदाज असा आहे की सासूबाई त्या शॉटमध्ये पडद्याच्या डावीकडे पाहत असणार आणि त्याआधी बहीण पडद्याच्या डाव्या बाजूला उभी असणार. योगायोगाने नजर जुळली, आणि त्या पाहत असलेल्या मुलाच्या जागी बहीण आली. हास्याचे कारण कापले गेले की प्रेक्षक शेजारच्या शॉटमधून दुसरे कारण शोधून काढतो. कारणाशिवाय हास्य तो सोडून देत नाही. आणि चित्र परत बहिणीवर आले, म्हणजे ‘ती रडते, ही हसते, ती रडतेच आहे’ असे पुरे वाक्य झाले. संकलन करणाऱ्याच्या मनात बहुधा एवढेच असेल की सासूबाईंचा एक तरी जवळचा शॉट पाठवणीत हवा.

सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. तो शॉट पंगतीत परत न्या आणि त्याच्या आधी जिलेबीवाला मुलगा जोडा. मुलाचा शॉट नसेल तर पाठवणीतून काढून टाका आणि त्या जागी लांबून घेतलेला, दोन्हीकडची मंडळी एकत्र दिसतील असा शॉट ठेवा. दोघी एकाच चौकटीत दिसल्या की तर्काला जागा उरत नाही. जे आहे तेच दिसते. मधे फुलांचा किंवा गाडीचा शॉट घालून भागवण्याचा मोह टाळा. त्याने आरोप थोडा सौम्य होईल, पण जाणार नाही.

लग्नघाई

अंदाज बरोबर निघाला. आत्ताच फीत लावून पाहिली, त्या डावीकडेच पाहत आहेत. आईला दाखवते.

मनोव्यापार

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. या चर्चेत थोडी शंका मिसळतो.

1992 साली प्रिन्स आणि हेन्सली या दोघांनी अमेरिकेत हा प्रयोग नव्याने केला. 137 विद्यार्थी होते आणि प्रत्येकाला एकच जोडणी दाखवली होती, पारवा यांनी केली तशीच. बहुसंख्य विद्यार्थ्यांना त्या चेहऱ्यावर काहीच भाव दिसला नाही. मग 2016 साली बॅरट आणि सहकाऱ्यांनी 36 प्रेक्षकांना 24 लहान चित्रतुकडे दाखवले. त्यांत पाहणारा चेहरा, पाहिलेली वस्तू आणि परत चेहरा ही रचना नीट सांभाळली होती, आणि तिथे परिणाम मिळाला. प्रेक्षकांनी चेहऱ्याला दिलेला भाव वस्तूप्रमाणे बदलला.

यावरून ‘कुलेशॉव्ह बरोबर होता’ असा निकाल कोणी काढू नये. 2016च्या प्रयोगात प्रत्येक प्रेक्षकाने अनेक तुकडे पाहिले आणि प्रत्येक वेळी त्याला भावाबद्दल विचारले गेले. असे वारंवार विचारले की माणूस उत्तर शोधू लागतो. लग्नघाई यांच्या आईला मात्र कोणी काही विचारले नव्हते, तरी तिला अर्थ दिसला. पण तिथे चेहरा कोरा नव्हता, हसरा होता, आणि पाहणारी व्यक्ती तटस्थ नव्हती. माझ्या मते कोऱ्या चेहऱ्यावर भाव ‘दिसतो’ हे अतिशयोक्त आहे. प्रेक्षक त्या प्रसंगाचा अर्थ लावतो आणि विचारल्यावर तो अर्थ चेहऱ्यावर चिकटवतो.

जुनी रिळं

डोळ्यांना दिसते की बुद्धी चिकटवते, हे मी सांगू शकणार नाही. संकलनाच्या टेबलावर दोन्हींत फरक करता येत नाही. पण कोऱ्या आणि हसऱ्या चेहऱ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिचकॉकने 1964 साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत हेच सूत्र समजावले, तेव्हा त्याने कोरा चेहरा घेतलाच नाही. तो स्वतःच काहीतरी पाहतो आणि मग स्मित करतो. मधे बाळाला घेतलेली आई असेल तर तो दयाळू गृहस्थ ठरतो. तिच्या जागी बिकिनीतली तरुणी आली की तेच स्मित एका लंपट म्हाताऱ्याचे होते. स्मित आहे हे प्रेक्षकाला दिसतेच, फक्त ते कसले हे शेजारचा शॉट ठरवतो. सासूबाईंचा प्रकार तंतोतंत हाच आहे. संकलक रोज जे करतो तेही बहुधा हेच असते. पूर्ण कोरा चेहरा आमच्या वाट्याला क्वचित येतो.

विग्रहवाक्य

मी चित्रपटातली जाणकार नाही, मराठी शिकवते. पण मला हे सगळे समासासारखे वाटते. दोन शब्द शेजारी आले की कधी दोघेही टिकून राहतात, जसे ‘आईबाप’. कधी दोघे मिळून स्वतःपेक्षा थोडे जास्त सांगतात, जसे ‘मीठभाकर’, ज्यात मीठ आणि भाकरी आहेतच, शिवाय गरिबाघरचे साधे जेवणही आहे. आणि बहुव्रीहीत दोन्ही पदे बाजूला राहून तिसराच समोर येतो. ‘नीलकंठ’ म्हटल्यावर निळा रंगही नाही आणि गळाही नाही, शंकर आहे. शॉटच्या बाबतीत असे प्रकार करता येतील का?

जुनी रिळं

बाई, आपण नकळत 1929 सालच्या एका भांडणात शिरला आहात. पुदोव्हकिन म्हणत असे की शॉट विटांसारखे एकावर एक रचायचे असतात. त्याच काळातला सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन म्हणाला, रचायचे नाहीत, आदळायचे. दोन शॉटची टक्कर झाली की त्यातून दोहोंतही नसलेली कल्पना निघते. आणि त्याने दाखला दिला तोही भाषेतलाच. तो तरुणपणी जपानी शिकला होता. चित्रलिपीत डोळ्याच्या चिन्हाशेजारी पाण्याचे चिन्ह ठेवले की ‘रडणे’ होते, तोंडाशेजारी कुत्रा ठेवला की ‘भुंकणे’. दोन्ही चिन्हे वस्तूंची, आणि जोडून मिळते ती क्रिया, जिचे चित्र काढता येत नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर पुदोव्हकिन द्वंद्वाच्या बाजूचा आणि आयझेनस्टाइन बहुव्रीहीच्या.

पण समास आणि सांधा यांत एक मोठा फरक आहे. ‘नीलकंठ’ म्हणजे शंकर हे रूढीने ठरलेले आहे. शॉटच्या जोडीला असा कोश नाही; अर्थ दर वेळी प्रेक्षकाला स्वतःच्या अनुभवातून काढावा लागतो. याचा फटका खुद्द आयझेनस्टाइनला बसला. त्याच्या 1925च्या ‘स्ट्राइक’ या चित्रपटात शेवटी सैनिक संपकरी कामगारांची कत्तल करतात, आणि त्या शॉटच्या मधेमधे त्याने कत्तलखान्यात बैल मारल्याचे शॉट जोडले. बैलाचा त्या कथेशी काहीच संबंध नाही. तो कुठून आला, कोण त्याच्याकडे पाहतो आहे, हे विचारायचेच नाही. कामगारांना जनावरासारखे कापले, हा अर्थ टकरीतून निघायला हवा होता. त्याच वर्षी त्याने स्वतःच लिहिले की स्वतःची जनावरे कापण्याची सवय असलेल्या शेतकऱ्यावर याचा परिणाम शून्य होईल, आणि कामगाराला बैलाचे रक्त पाहून कत्तलखान्याशेजारचा कारखाना आठवेल.

म्हणजे शॉट तेच, सांधा तोच, आणि अर्थ नाही. ज्याच्या मनात ‘कापणे’ म्हणजे भीषणता आहे त्याच्यासाठीच ती टक्कर होते.

सदाशिवपेठी

मग आयझेनस्टाइनच्याच ‘पोटेमकिन’ चित्रपटातले दगडी सिंह का चालतात? आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने ते पाहिले आहेत आणि कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तिथेही सिंहांचा कथेशी संबंध नाहीच. ते तर प्रसंग जिथे घडतो त्या ओडेसा शहरातलेही नाहीत, क्रिमियातल्या अलुप्काच्या राजवाड्यासमोरचे आहेत. हे मात्र मला नक्की ठाऊक आहे, यूट्यूबवरून नव्हे.

जुनी रिळं

हे पूर्ण बरोबर आहे, आणि प्रश्नही चांगला आहे. तिथे तीन वेगवेगळे संगमरवरी सिंह आहेत : एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठलेला. लढाऊ नौकेच्या तोफा शहरावर गोळे टाकतात आणि हे तीन शॉट झपाट्याने एकामागून एक येतात. प्रत्येक शॉट इतका थोडा वेळ आहे की हे तीन पुतळे आहेत हे लक्षात येईपर्यंत ते संपतात, आणि आपल्याला एकच सिंह उठताना दिसतो. म्हणजे आधी एक हालचाल मिळते आणि मग रूपक. बैलाच्या वेळी रूपक उघडे पडले होते, त्याला उभे राहायला असे काही नव्हते. तरीही त्या सिंहाचा अर्थ काय, यावर एकमत नाही. कोणाला तो उठलेली जनता वाटतो, कोणाला तोफांच्या आवाजाने हादरलेला दगड. मला स्वतःला दुसरे पटते, पण मी अल्पमतात आहे.

क्रम उलटा करून पाहा, म्हणजे उठलेला, जागा, झोपलेला. शॉट तेच तीन आहेत. मी विद्यार्थ्यांना तसे जोडून दाखवले तेव्हा एकाने म्हटले, तोफा ऐकूनही याला झोप लागली.

विग्रहवाक्य

म्हणजे क्रम बदलला की अर्थ बदलतो. समासातही ‘घोडागाडी’चे ‘गाडीघोडा’ केले तर दचकायला होते. पण ‘टक्कर’ या शब्दाबद्दल माझे अजून समाधान झालेले नाही. पारवा यांच्या काकांमध्ये आणि ताटामध्ये टक्कर कुठे आहे? ते तर नुसते पाहणे आहे.

जुनी रिळं

नाही, टक्कर नाही. तो पुदोव्हकिनच्या बाजूचा सांधा आहे, ज्यात प्रेक्षक म्हणतो, ‘याने ते पाहिले.’ बैलाच्या सांध्यात तो म्हणतो, ‘हे त्याच्यासारखे आहे.’ पहिल्याला उजेड आणि नजर सांभाळावी लागते, दुसऱ्याला नाही. दुसऱ्यात दोन्ही शॉट निराळ्या ठिकाणचे आहेत हे उघड दिसले तर उलट बरेच. माझ्या पाहण्यात नवशिके बहुतेक वेळा इथे घसरतात : करायचा असतो पहिला सांधा, पण उजेड जुळत नाही, म्हणून प्रेक्षक त्याला दुसरा समजतो आणि ‘ताट म्हणजे काय बुवा?’ असा अर्थ शोधू लागतो.

मनोव्यापार

हे दोन प्रकार इतके स्वच्छ वेगळे असतील असे मला वाटत नाही. लग्नघाई यांच्या आईने ‘ती तिच्याकडे पाहून हसली’ असेही वाचले आणि ‘सासरची माणसे अशीच असतात’ असेही. एकाच सांध्यात दोन्ही होते.

जुनी रिळं

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पारवा

काल नव्याने करून पाहिले. काकांना खिडकीजवळच बसवले, नजर भिंगाच्या उजवीकडे आणि थोडी खाली ठेवली, ताट त्यांच्या मांडीजवळच्या स्टुलावर ठेवून त्यांच्या खांद्यावरून, तिरके, त्याच उजेडात घेतले. शेवटचा चेहरा पाच सेकंद ठेवला. मागच्या वेळी ज्यांनी पाहिले नव्हते अशा सात जणांना दाखवले.

आता कोणालाही तो मधेच आलेला फोटो वाटला नाही. सातही जणांनी धरून चालले की ताट काकांसमोर आहे. पण भूक एकालाही दिसली नाही! चौघांचे म्हणणे, ‘यांचे जेवणात लक्ष नाही, काहीतरी चिंता आहे.’ एक आजी म्हणाल्या, ‘पथ्याचे जेवण दिलेले दिसते.’ एकाने सांगितले की आमटी त्यांना आवडत नाही. त्याला काकांची आवडनिवड खरोखरच ठाऊक आहे, म्हणून त्याचे उत्तर मी मोजले नाही. सातव्याला काहीच वाटले नाही.

म्हणजे जुनी रिळं म्हणाले तसे विसरलेले सूपच निघाले. मनोव्यापार यांची शंकाही तशीच उभी आहे, कारण मी प्रत्येकाला ‘काय वाटले?’ असे विचारलेच होते.

मनोव्यापार

पुढच्या वेळी भावाबद्दल विचारू नका. ‘या तुकड्यात काय घडले ते सांगा’ एवढेच म्हणा आणि चेहऱ्याचा उल्लेख आपणहून कोण करतो ते पाहा.

जुनी रिळं

आणि आणखी एक करून पाहा. ताटाचा शॉट काढून टाका. काकांचा पाच सेकंदांचा चेहरा ठेवा आणि त्यावर फक्त प्रेशर कुकरची शिट्टी घाला, चित्राबाहेरून आल्यासारखी. शेजारी ठेवायला शॉटच लागतो असे नाही, आवाजही चालतो.

पारवा

आज सकाळी केले. पाच जणांना दाखवले आणि मनोव्यापार यांच्या सूचनेप्रमाणे फक्त ‘काय घडले?’ असे विचारले. तिघे म्हणाले, काका शिट्ट्या मोजत आहेत. चौथीने सांगितले, हे घरात एकटे आहेत आणि गॅस कोणी बंद करायचा ते यांना कळत नाही. पाचव्या होत्या आमच्या काकू. त्यांनी काहीच उत्तर न देता फोन माझ्या हातात परत दिला आणि त्या स्वयंपाकघरात बघून आल्या.